कपाला लटकवायची ड्रिप बॅग: प्रवासात नीट कशी गाळावी, आणि पोअर-ओव्हरचं सामान कधी सोबत घ्यावं

लटकवायची ड्रिप बॅग दिसायला चहाच्या डिपसारखी असली तरी काम अगदी उलट करते. डिप पाण्यात बुडवून ठेवायची असते, ही बॅग खाली साठणाऱ्या कॉफीत बुडूच द्यायची नसते. कपाच्या काठावर दोन पुठ्ठ्याचे कान अडकवायचे, वरून तोंड उघडायचं आणि गरम पाणी थोडं थोडं ओतत राहायचं. पाणी पुडीतून झिरपून खाली पडतं तीच कॉफी. म्हणजे पोअर-ओव्हरमध्ये, शंकूसारख्या ड्रिपरमध्ये कागद लावून पुडीवर हाताने पाणी ओतताना, जे घडतं तेच, फक्त ड्रिपर, कागद आणि दळलेली पूड हे सगळं एका पाकिटात बसवलेलं. बाजारात बुडवायच्याही कॉफी बॅग मिळतात आणि पाकिटं सारखीच दिसतात. घेताना कान असलेलं चित्र आहे ना, एवढं बघून घ्या. ही इन्स्टंट नाही, त्यामुळे विरघळणार नाही, आणि दाक्षिणात्य फिल्टरचं डिकॉक्शनही नाही, त्यामुळे तेवढी घट्टही होणार नाही.

एका बॅगेत साधारण १० ते १२ ग्रॅम पूड असते. दळण किती जाड, पूड किती, भाजणी कुठली, हे सगळं बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. आपल्या हातात चारच गोष्टी उरतात: कप, पाणी, पाण्याचा ताप आणि ओतण्याचा वेग. मराठवाड्यात फिरताना या चारांपैकी पहिल्या दोन गोष्टी सगळ्यात जास्त घात करतात, आणि पाकिटावरच्या सूचनांमध्ये नेमकं त्यांच्याबद्दलच काही लिहिलेलं नसतं. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी कप बघा

बॅग कपावर लटकली की तिचं बूड काठापासून साधारण पाच-सहा सेंटीमीटर खाली येतं. त्याच्याखाली कॉफी साठायला जागा हवी. आपल्याकडे लॉजवर किंवा पाहुण्यांकडे चहाचा जो कप पुढे येतो तो सहा-सात सेंटीमीटर उंच असतो. त्यात बॅग लटकवली तर बूड जवळजवळ तळाला टेकतं. पहिल्या घोटभर कॉफीतच बॅग बुडते आणि गाळणं थांबून भिजवणं सुरू होतं. वरचं पाणी खाली उतरेनासं होतं, आपण वाट बघत बसतो आणि पूड त्या कॉफीत उकडत राहते. त्यातून येणारी चव कडू कमी आणि तुरट जास्त असते, सुपारीनंतर जीभ कोरडी पडते तशी.

स्टीलचा पाणी प्यायचा ग्लास इथे उत्तम चालतो आणि तो मराठवाड्यात कुठेही मिळतो. साधारण अकरा-बारा सेंटीमीटर उंच, बुडाशी सहा सेंटीमीटर रुंद असा ग्लास धरला तर १४० मिली कॉफी त्यात पाचेक सेंटीमीटर चढते. बॅगेचं बूड तिच्या वर, कोरडं राहतं. ग्लासाचं तोंड सात ते नऊ सेंटीमीटरच्या दरम्यान असलं की कान नीट बसतात. त्याहून अरुंद तोंडाच्या पेल्यात बॅग पूर्ण उघडत नाही, आणि रुंद मगात कान ताणले जाऊन मधेच निसटतात. स्टीलचा एकच त्रास: तो हाताला चटका देतो आणि ओठाला त्याहून जास्त. खालून रुमाल गुंडाळा, किंवा ग्लासात गाळून कपात ओतून प्या. कागदी कप घ्यायचाच असेल तर मोठा, २०० मिलीच्या वरचा घ्या. टपरीवरच्या छोट्या कागदी कपावर बॅग लटकवलीत तर पाण्याच्या वजनाने कपाची कड आत वाकते आणि सगळं सांडतं.

घरून निघण्यापूर्वी एक काम करून ठेवा. जो ग्लास किंवा मग सोबत नेणार त्यात १४० मिली पाणी मोजून ओता आणि ते कुठवर येतं तिथे बाहेरून मार्करने रेघ मारा. प्रवासात वजनकाटा नसतो. ही रेघच तुमचा काटा.

पाणी: बोअरचं, जारचं आणि दोन्हींच्या मधलं

मराठवाड्याची बहुतेक जमीन काळ्या बसाल्टवर आहे आणि उन्हाळ्यात गावंच्या गावं बोअरवर किंवा टँकरवर असतात. बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. लॉजच्या किटलीच्या तळाला पांढरी खपली बसलेली दिसते ना, ती त्याचीच. कॉफीत जो गोडसर आंबटपणा असतो, चिकमगळूर किंवा कूर्गच्या चांगल्या अरेबिकात जो सहज कळतो, तो या पाण्यातले बायकार्बोनेट मारून टाकतात. कॉफी मचूळ लागते, खडूसारखी. अशा वेळी लोक बॅगेला नावं ठेवतात, पण दोष बॅगेचा नसतो.

मग सगळे जारच्या पाण्याकडे वळतात. ते दुसऱ्या टोकाला असतं. आरओच्या पाण्यातले क्षार इतके काढलेले असतात की कॉफीतला स्वाद ओढून घ्यायला त्यात फारसं काही उरत नाही. कॉफी टोकदार आणि पोकळ लागते. तरीही दोघांतून निवडायचंच झालं तर जारचं पाणी निवडा. पोकळ कॉफी पिता येते, मचूळ कॉफी अर्ध्यावर टाकून द्यावी लागते.

कॉफीसाठी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, १५० च्या आसपास असावा, असं या धंद्यातले लोक मानतात. आरओ बसवायला आलेला माणूस जो पेनासारखा मीटर पाण्यात बुडवून दाखवतो, तो आता बऱ्याच घरांत असतो. त्याने घरचं गणित एकदा काढून ठेवता येतं. समजा आरओचं पाणी ४० दाखवतंय आणि नळाचं पिण्याचं पाणी ६००. चार भाग आरओ आणि एक भाग नळाचं मिसळलं तर चार गुणिले चाळीस म्हणजे १६०, त्यात ६०० मिळवून ७६०, भागिले पाच, म्हणजे १५२. एवढं पुरे. एक लिटरची बाटली अशी भरून घेतली की एका माणसाचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळचे कप निघतात. मात्र मिसळायचं पाणी पिण्याचंच हवं. उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार, नायट्रेट आणि फ्लोराइड तिथेच राहतात. ज्या बोअरचं पाणी गावातले लोकच पीत नाहीत, ते कॉफीतही नको.

बाटली नेणं शक्य नसेल तर दुकानातली बंद बाटली घ्या. लॉजच्या नळाचं घेऊ नका.

ताप: किटली, थर्मास आणि रेल्वेचा डबा

लातूर, बीड, संभाजीनगर हा पट्टा समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. उकळल्यावर थांबून ते ९२ अंशांवर आणा, असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. ड्रिप बॅगेच्या बाबतीत मी तो मानत नाही. बॅगेची भिंत कापडासारखी पातळ, सगळीकडून उघडी, आणि आपण ओततो तेही एका वेळी दोन-तीन घोट पाणी. पुडीला लागेपर्यंत ते आपोआप थंड होतं. मध्यम किंवा हलक्या भाजणीची कॉफी असेल तर उकळी बसली की लगेच ओता. पूड काळपट, तेलकट दिसत असेल, म्हणजे भाजणी गडद असेल, तर मात्र मिनिटभर झाकण उघडं ठेवा.

लॉजच्या किटलीत आधीच्या पाहुण्याने मॅगी शिजवलेली असते, अंडी उकडलेली असतात. एकदा नळाचं पाणी उकळून फेका, वास घ्या आणि मगच आपलं पाणी भरा.

रेल्वेत किटली लावायची नाही. देवगिरी असो की नंदीग्राम, डब्यातलं सॉकेट मोबाइल-लॅपटॉपसाठी असतं आणि किटलीला मनाई आहे. तिथे थर्मास हवा. निघण्यापूर्वी थर्मासात उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, ते फेका आणि पुन्हा उकळतं भरा. पहिलं पाणी फक्त थर्मास तापवण्यासाठी. हे केलं नाही तर पाणी लवकर निवतं. केलं तर चार-पाच तासांनीही चालण्याजोगं राहतं, फक्त मग ओतण्याचा वेग कमी करायचा, म्हणजे पुडीला जास्त वेळ मिळतो. आणि गाडी चालू असताना ओतू नका. स्टेशनात थांबली की ओता. उकळतं पाणी मांडीवर सांडलं तर परभणीला उतरून दवाखाना शोधावा लागेल.

बटण दाबून ओतायच्या झाकणाचा थर्मास असेल तर अजून एक फायदा मिळतो. त्याची धार बारीक येते. पोअर-ओव्हरवाले लांब नळीची किटली ज्यासाठी विकत घेतात ते काम हे झाकण बरंच भागवतं.

गाळायची रीत

पाकीट फाडण्यापूर्वी बॅग वरच्या कडेला धरून दोन-तीनदा टिचकी मारा, म्हणजे पूड खाली बसेल. नाहीतर तोंड उघडताना ग्रॅमभर पूड बोटांवर आणि सतरंजीवर जाते. मग छिद्रांच्या रेघेवरून वरची पट्टी फाडा. घाईत वाकडी फाडली तर एका बाजूची भिंत बुटकी होते आणि पाणी तिथूनच ओसंडतं. कान दोन्हीकडे ओढून काठावर अडकवा आणि ग्लास हळूच हलवून पुडीचा थर सपाट करा. थर एका बाजूला कललेला असला की पाणी उतार शोधतं आणि निम्मी पूड कोरडीच राहते.

आता पहिलं पाणी. १० ग्रॅमच्या बॅगेला २५-३० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे. सगळी पूड ओली होईल असं गोल फिरवत ओता आणि तीस सेकंद थांबा. पूड ताजी असेल तर फुगून वर येते, बारीक बुडबुडे येतात. भाजताना आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. तो आधी जाऊ दिला नाही तर पाणी पुडीत शिरायच्या ऐवजी वायूमुळे बाजूला ढकललं जातं. पूड अजिबात हलली नाही, चिखलासारखी बसून राहिली, तर ती जुनी आहे असं समजा. त्यातून पिण्याजोगी कॉफी निघेल, पण वासाची अपेक्षा ठेवू नका.

नंतर तीन वेळा ओतायचं, दर वेळी साधारण ४५ मिली. बॅगेच्या पाऊण उंचीपर्यंत पाणी आलं की थांबा, ते जवळजवळ उतरलं की पुढचं ओता. पूर्ण कोरडं पडायची वाट बघू नका, नाहीतर थर थंड होतो. धार मधे ठेवून छोटं वर्तुळ फिरवा, भिंतीवर सरळ मारू नका. भिंतीवर पडलेलं पाणी पुडीला न भेटताच बाजूने खाली जातं आणि कॉफी पातळ होते. लॉजच्या किटलीचं तोंड रुंद असतं, त्यातून बदाबदा पाणी येतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे एक कागदी कप घ्यायचा, त्याची कड बोटाने चिमटून चोच करायची, त्यात किटलीतलं पाणी घ्यायचं आणि चोचीतून ओतायचं. दीडशे मिलीचा कप असेल तर मापही आपोआप होतं: एक भरलेला कप आणि वर घोटभर.

सगळं मिळून पाणी १६० मिली, वेळ पहिल्या थेंबापासून दोन ते अडीच मिनिटं. पुडीत वीसेक मिली पाणी अडकून राहतं, म्हणून ग्लासात १४० उतरतं. तीच तुमची मार्करची रेघ. रेघेला कॉफी पोचली की बॅगेत पाणी शिल्लक असलं तरी ती उचला. पाकिटावर अनेकदा १८० किंवा २०० मिली लिहिलेलं असतं. १० ग्रॅम पुडीतून २०० मिली काढायला गेलात तर शेवटचं पाणी रंग आणि तुरटपणा याशिवाय काही आणत नाही. बॅग १२ ग्रॅमची असेल तर १९० पर्यंत जा. शेवटी बॅग पिळायची नाही, हे सांगायला हवं, कारण चहाची सवय हाताला असते. पिळलं की बारीक गाळ कपात उतरतो.

दुधाची कॉफी हवी असेल तर हिशेब बदलतो. १४० मिली कॉफीत दूध घातलं की हाती गढूळ पाणी येतं. पहिल्या ८०-९० मिलीतच बहुतेक सगळा अर्क उतरलेला असतो, म्हणून तिथेच थांबा आणि त्यात ३०-४० मिली गरम दूध घाला. आपल्या घरच्या दुधाच्या कॉफीएवढी ती दाट होणार नाही. दाट हवी असेल तर ही बॅग तुमच्यासाठी नाही. त्यापेक्षा चिकोरी मिसळलेली कॉफीची पूड आणि स्टीलचा फिल्टर सोबत न्या.

चव बिघडली तर

पोअर-ओव्हरमध्ये कॉफी कडू झाली तर पुढच्या वेळी दळण जाड करता येतं. इथे ती सोय नाही, दळण ठरून आलेलं आहे. म्हणून दुरुस्ती ताप आणि वेगातूनच करायची. कडू किंवा तुरट आली तर आधी बॅग बुडाली होती का ते बघा. दहापैकी आठ वेळा तेच असतं. बुडाली नसेल तर पाणी मिनिटभर निवू द्या आणि तीनऐवजी दोनदाच, जरा मोठ्या हाताने ओता. आंबट आणि पातळ आली तर उलट करा: पाणी उकळतं घ्या, चार-पाच लहान हप्त्यांत ओता. मचूळ, सपाट आली तर ओतण्यात काही बदलून उपयोग नाही, पाणी बदला. आणि चवीला काहीच नसेल, कागद उकळल्यासारखं लागत असेल, तर पाकिटाच्या मागची तारीख बघा.

पाकिटात हवेऐवजी नायट्रोजन भरलेला असतो म्हणून दळलेली पूड काही महिने टिकते. पण ती तापात टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत काय होतं ते आपल्याला माहीत आहे. बॅगा तिथे ठेवू नका. अंगावरच्या पिशवीत, कपड्यांच्या मधे ठेवा.

मग पोअर-ओव्हरचं काय?

उदगीरला नात्यातल्या एका लग्नात हे दोन्ही शेजारी शेजारी बघायला मिळालं. मावसभाऊ पुण्याहून सगळं सामान घेऊन आला होता: प्लास्टिकचा शंकूसारखा ड्रिपर, कागद, हाताने फिरवायची चक्की, छोटा काटा आणि बीन्स. किटली तेवढी आणली नव्हती, कारण ती पिशवीत मावली नव्हती. माझ्याकडे बॅगांची पाकिटं होती. पहाटे मंगल कार्यालयाच्या मागे आचाऱ्याने बगोण्यात पाणी उकळायला ठेवलंच होतं, त्यातून तांब्याभर मागून घेतलं.

त्याने १५ ग्रॅम बीन्स दळल्या. दळतानाच वास असा सुटला की झोपलेले दोघं उठून बसले. एवढं बॅगेच्या पाकिटातून कधीच मिळत नाही, ते मान्य करायला हवं. ड्रिपर स्टीलच्या ग्लासावर ठेवला तर डुगडुगत होता, म्हणून एकाने धरून ठेवला. तांब्यातून ओतलेलं पाणी तोंडाच्या कडेवरून ओघळत होतं, काटा भिजला आणि बंद पडला. मग अंदाजाने २४० मिली ओतलं. एवढ्यात आत्या आली. "हे काय करायलाव रे पोरांनो? चहा नाही का पिणार?" तोवर प्यायला सहा जण जमले होते.

त्याची कॉफी चांगली होती. माझ्यापेक्षा चांगली: आंबटपणा स्वच्छ, मागे गुळासारखा गोडवा. बोअरच्या पाण्यात ती मेली असती, पण कार्यालयात जारचं पाणी आणलेलं होतं. मात्र ती दोघांपुरती होती. पुढच्या दोघांसाठी पुन्हा दळायचं, ओला कागद काढून नवा लावायचा, ड्रिपर धुवायचा, आणि नळाजवळ तर आंघोळीच्या बादल्यांची रांग.

बॅगांचं काम वेगळ्या रीतीने झालं. सतरंजीवर सहा ग्लास ओळीने मांडले, सहा बॅगा लटकवल्या. पहिल्यात दोन चमचे पाणी घातलं, मग दुसऱ्यात, तिसऱ्यात. सहाव्यापर्यंत पोचलो तेव्हा पहिलीची तीस सेकंदं होऊन गेली होती. असंच फेरी फेरीने ओतत गेलो. एका कपासाठी जो थांबायचा वेळ रिकामा जातो, तो सहा कपांत आपोआप भरून निघतो. पाचेक मिनिटांत सहा ग्लास तयार. आत्याने एक घोट घेतला, म्हणाली, "बिनदुधाची? औषध हाय का हे?" आणि ग्लास परत दिला.

त्यावरून माझं मत असं बनलंय की दोन्हींतला फरक चवीपेक्षा सामानाचा जास्त आहे. पोअर-ओव्हरला जी वाढीव चव मिळते ती ताज्या दळणामुळे आणि दळण बदलता येतं म्हणून. ड्रिपरच्या आकाराचा वाटा त्यात थोडा आहे. म्हणून चक्की घरी ठेवून, पूड डब्यात भरून, नुसता ड्रिपर नेणारे लोक मला कळत नाहीत. उघड्या डब्यातल्या पुडीचा वास दोन दिवसांतच उडून जातो. तिसऱ्या दिवशी नायट्रोजनच्या पाकिटातली बॅग तिच्यापुढे जाते. सामान तेवढंच वाहायचं आणि फायदा मात्र सोडून द्यायचा, असं होतं.

मुक्काम एकाच ठिकाणी तीन-चार दिवस असेल, गाडी स्वतःची असेल, पिणारे दोघंच असतील, तर पोअर-ओव्हर पूर्ण सामानासकट न्या. उदाहरणार्थ वेरूळला खोली घेऊन लेणी निवांत बघायची असतील तर चक्की, प्लास्टिकचा ड्रिपर आणि कागद न्या. प्लास्टिकचाच घ्या, चिनी मातीचा नको. तो जड, फुटणारा, शिवाय थंड असला तर पाण्याचा ताप आधी स्वतः खातो. १५ ग्रॅमला २४० मिली, हेच प्रमाण. लांब नळीची किटली नेली नाही तरी चालेल, थर्मास आहे. काटा मात्र न्याच, कारण इथे पूड तुम्हालाच मोजायची आहे. चक्की आणि काटा धरून हे सगळं किलोभर तरी होतं.

एसटी, रेल्वे, लग्न, एका रात्रीचा लॉज, दौऱ्यावरची नोकरी, इथे बॅग. दहा बॅगांचं वजन एका पाण्याच्या छोट्या बाटलीपेक्षाही कमी भरतं. धुवायला काही नाही, ओला कागद पिशवीत न्यावा लागत नाही. पैशाने मात्र ती महाग पडते. तीच कॉफी बीन्समध्ये घेतली तर कपामागे साधारण निम्म्यात होते. रोज घरी बॅग लटकवणं म्हणजे पैसे उडवणं, असं मी म्हणेन.

वापरलेली बॅग झाडाच्या कुंडीत सरळ पुरू नका. बहुतेक बॅगांचं कापड कृत्रिम धाग्याचं असतं, कुजत नाही. फाडून पूड कुंडीत, कापड आणि चकचकीत पाकीट कचऱ्यात.

घरी चक्की असेल तर तिसराही रस्ता आहे. रिकाम्या ड्रिप बॅगा विकत मिळतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी कॉफी मध्यम जाड दळा, प्रत्येकीत १२ ग्रॅम भरा आणि वरची कड केस सरळ करायच्या मशीनने तीन-चार सेकंद दाबा, चिकटते. मशीन मंद तापावर ठेवा, जास्त तापली तर कापडाला भोक पडतं. मग सगळ्या बॅगा झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा. नायट्रोजन नाही, त्यामुळे पिशवीवर दळल्याची तारीख लिहा आणि तीन दिवसांत संपवा.